मदत हवी आहे: पाच सॅलरी स्लिप आणि आठवण, एवढ्यावर रेझ्युमे परत कसा तयार करू?

कोठारी_नोंद

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुन्या रेझ्युमेची एकही प्रत उरलेली नाही. नेमणूकपत्रं, रिलीव्हिंग लेटर, काहीच नाही. हाताशी आहेत त्या फक्त पाच कागदी सॅलरी स्लिप. कामं सगळी स्टोअर्सची.

पहिली नोकरी साधारण वर्षभराची, पगार रोख, पुरावा शून्य.

दुसरी एका कारखान्यात. तिथल्या दोन स्लिप आहेत. सप्टेंबर 2014: पद असिस्टंट, बेसिक 18,000, शेजारच्या वायटीडी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या बेरजेच्या, रकान्यात बेसिक 79,200, पगाराचे दिवस 30, त्या वर्षी जमा झालेली रजा 6. ऑक्टोबर 2016: पद सीनियर असिस्टंट, बेसिक 22,000, बेसिकचा वायटीडी 1,42,000, आणि वेगळ्या ओळीत अरिअर्स 6,000. दोन्हींवर वर्ष एप्रिलपासून धरलंय.

तिसऱ्या नोकरीच्या तीन स्लिप आहेत, 2017 ते 2019 मधल्या. त्यावर पद 'हेल्पर' आहे आणि नाव मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं. प्रत्यक्षात मी मालाची आवक संगणकावर चढवायचो आणि साठा मोजायचो. बँकेत शेवटची रक्कम जून 2019 मध्ये आली, तीही नेहमीपेक्षा वेगळीच.

रुजू झाल्याचे आणि सोडल्याचे महिने आठवत नाहीत. कुठून सुरुवात करू?

सरळरेघ

एवढा विचार नका करू. रेझ्युमेत फक्त वर्षं लिहा, '2014 ते 2017' असं. महिने कोणी विचारत नाही. एका पानाचा सुटसुटीत नमुना घ्या आणि भरून टाका.

ताळेबंद_वाचक

रेझ्युमेत नुसती वर्षं चालतात, इथपर्यंत बरोबर आहे. पण निवड झाल्यावर पडताळणीचा फॉर्म येतो, त्यात रुजू आणि सोडल्याची तारीख मागतात आणि खाली 'माहिती खरी आहे' अशी सही असते. तिथे अंदाजाने तारीख टाकली आणि जुन्या कंपनीने दुसरीच कळवली, तर फरक तुमच्या नावावर लागतो. शिवाय '2014 ते 2017' म्हणजे अडीच वर्षंही असू शकतात आणि जवळजवळ चारही. म्हणून आधी तारखा काढा, रेझ्युमे नंतर लिहा.

तुमच्या सप्टेंबरच्या स्लिपमध्ये रुजू तारीख जवळपास लिहिलेलीच आहे. एप्रिलपासून कामावर असता तर सहा महिन्यांचं बेसिक 1,08,000 झालं असतं. तुमचं आहे 79,200. त्याला 18,000 ने भागा, 4.4 येतात. म्हणजे जून ते सप्टेंबर हे चार महिने पूर्ण आणि मे महिन्याचा 0.4 भाग. आता तो भाग दिवसांत बदला. महिना 31 दिवसांचा धरला तर 12.4 येतात, 26 दिवसांचा धरला तर 10.4. 30 चा धरला तर बरोबर 12. पगार पूर्ण किंवा अर्ध्या दिवसांत मोजतात, त्यामुळे तुमच्याकडे महिना 30 दिवसांचा धरत असणार. मे महिन्याचे शेवटचे 12 दिवस मोजले की सुरुवात 20 मे 2014 ला येते. कॅलेंडरमध्ये तो मंगळवार आहे, म्हणजे रुजू व्हायला चालण्यासारखा दिवस.

पण यावर लगेच विसंबू नका. मधल्या एखाद्या महिन्यात बिनपगारी रजा झाली असेल, तर तुम्ही आधीच रुजू झालेला असूनही बेरीज तेवढीच येईल. सप्टेंबरच्या स्लिपवर फक्त सप्टेंबरचे दिवस दिसतात, जुलैचे नाही. म्हणून दुसरी खूण हवी, आणि ती रजेत आहे. 'जमा' रकान्यात 6 आहे. महिन्याला दीड दिवस रजा मिळत असेल तर ती चार महिन्यांची झाली, आणि 15 तारखेनंतर येणाऱ्याला त्या महिन्याची रजा न देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. हिशेब जुळतो. दीडचा दर आठवतो का, किंवा ऑक्टोबरच्या स्लिपवरून काढता येतो का, ते पाहा. मात्र 'शिल्लक' नव्हे, 'जमा' रकानाच बघा. शिल्लक रकान्यातून घेतलेली रजा वजा झालेली असते.

कोठारी_नोंद

ऑक्टोबर 2016 च्या स्लिपवर जमा रजा 10.5 आहे. सात महिन्यांत 10.5 म्हणजे दीडच झाली ना?

ताळेबंद_वाचक

हो, दीडच. आता मे 2014 पक्कं धरा. रेझ्युमेत 'मे 2014' लिहा. 20 तारीख ही हिशेबाने काढलेली आहे, कंपनीने दिलेली नाही. फॉर्ममध्ये दिवस मागितलाच तर शेजारी 'अंदाजे' लिहा.

तीच स्लिप पगारवाढही सांगते. 1,42,000 मधून ऑक्टोबरचे 22,000 काढले की एप्रिल ते सप्टेंबरचे 1,20,000 उरतात. सहा महिने, म्हणजे जुनं बेसिक 20,000. वाढ 2,000 ची, अरिअर्स 6,000, म्हणजे तीन महिन्यांची थकबाकी: जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. वाढ 1 जुलै 2016 पासून लागू झाली. अरिअर्सची ओळ वेगळी आहे म्हणून हे इतकं सरळ निघालं. ती रक्कम बेसिकमध्येच मिसळलेली असती तर आधी वजा करावी लागली असती. ती न काढता भागाकार केला असता तर जुनं बेसिक 21,000 आलं असतं आणि वाढ एप्रिलपासून लागू झाली असं वाटलं असतं.

मात्र यावरून 'जुलै 2016 मध्ये बढती' असं लिहू नका. पगारवाढीची तारीख आणि पद बदलल्याची तारीख एकच असेल असं नाही. कागदावरून एवढंच ठरतं की ऑक्टोबर 2016 ला तुम्ही सीनियर असिस्टंट होता.

रात्रपाळी७

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. माझ्या स्लिप पीडीएफ आहेत, सगळ्या पासवर्डच्या, आणि पासवर्ड आठवत नाही. कंपनी बंद झाली. काही उपाय?

ताळेबंद_वाचक

ज्या ईमेलसोबत पहिली स्लिप आली त्याचा मजकूर उघडून पाहा. पासवर्ड कसा बनतो ते तिथे बहुधा लिहिलेलं असतं, जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक, नावाची पहिली काही अक्षरं अशा जुळणीतून. नंतरच्या ईमेलमध्ये ती ओळ नसते, म्हणून सगळ्यात जुनी शोधा. कर्मचारी क्रमांक लागत असेल तर तो रजामंजुरीच्या ईमेलमध्येही सापडतो.

माणूसबळ_मावशी

कोठारी, तिसऱ्या नोकरीचं मी सांगते, कारण पडताळणीत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. तुम्ही ज्या कंपनीच्या गोदामात उभे होता तिचं नाव नोकरी देणारी म्हणून लिहिलंत, तर पडताळणी तिच्याकडे जाईल आणि ती म्हणेल 'असा कर्मचारी आमच्याकडे नव्हता'. त्यांच्या नोंदीत तुम्ही नाहीच. म्हणून आधी एजन्सीचं नाव लिहा, तेच जे स्लिपवर आहे, अक्षरन् अक्षर तसंच. त्याखाली 'कामाचं ठिकाण: अमुक कंपनीचं गोदाम'.

पदाचंही तेच. स्लिपवर हेल्पर आहे, तर हेल्परच लिहायचं. 'स्टोअर्स एक्झिक्युटिव्ह' करू नका. खालच्या ओळीत खरं काम येऊ द्या: आवक मालाची संगणकावर नोंद, साठामोजणी, फरकाचा तपास. वाचणाऱ्याला पद लहान आणि काम मोठं दिसलं तर तो मुलाखतीत विचारतो, आणि तिथे सांगायला तुमच्याकडे असतंच. उलट झालं तर अडचण.

जून 2019 ची ती वेगळी रक्कम फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी सोडल्यावरच्या शेवटच्या हिशेबाची, असण्याची शक्यता खूप. तो हिशेब शेवटच्या दिवसानंतर कितीतरी आठवड्यांनी येतो, त्यात रजेचे पैसे असतात, नोटिशीची कपात असते. म्हणून जून ही सोडल्याची तारीख धरू नका. त्याच्या आधीचा शेवटचा नियमित पगार कोणत्या महिन्याचा ते पाहा. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला येत असेल, तर मे महिन्यात जमा झालेला पगार एप्रिलचा असतो. हे विसरलं की सगळ्या तारखा एकेक महिना पुढे सरकतात.

कोठारी_नोंद

शेवटचा नियमित पगार 7 मे ला आला आहे. म्हणजे एप्रिल 2019 पर्यंत काम. पण कामाचा तपशील कसा आठवू? 'साठा सांभाळला' याच्यापुढे काही सुचत नाही.

माणूसबळ_मावशी

स्लिपच्या ओळी वाचा. रात्रपाळी भत्ता आहे? ओव्हरटाइमचे तास कोणत्या महिन्यात जास्त आहेत?

कोठारी_नोंद

मार्च 2018 च्या स्लिपवर ओव्हरटाइम 38 तास. बाकीच्या दोन स्लिपवर 6 आणि 4. रात्रपाळी भत्ता फक्त 2019 च्या स्लिपवर.

ताळेबंद_वाचक

मार्चचे 38 तास बहुधा वर्षअखेरच्या साठामोजणीचे. आता त्याच महिन्यात स्वतःला उभं करा आणि बारीक प्रश्न विचारा: किती जण मोजत होते, मोजणीचा कागद कोण छापायचं, फरक सापडला की पुढे कोणाकडे जायचा, ती सही कोणाची? 'मी काय काम केलं' या प्रश्नाला डोकं रिकामं राहतं. 'फरक सापडल्यावर माझा हात कशाकडे जायचा' याला उत्तर मिळतं. रात्रपाळीचंही तसंच करा: रात्री वरिष्ठ हजर नसतील तर निर्णय कोण घ्यायचं? उत्तर 'मी' असेल तर रेझ्युमेतली सर्वांत वजनदार ओळ तीच.

आकडे लिहिताना मात्र जपा. 'फरक 30 टक्क्यांनी कमी केला' असं आठवणीवरून लिहू नका. तो आकडा नोंदवहीशिवाय सिद्ध होत नाही. माणसं, पाळ्या, रॅक, मोजणीची वारंवारता हे डोळ्यांपुढे मोजता येतं, तेच घ्या. आणि जुन्या घटना आपल्याला वाटतात त्याहून बऱ्याचदा जास्त जुन्या निघतात, म्हणून आठवणीतल्या तारखेपेक्षा कागदाला मान द्या.

एका कागदावर तीन रकाने आखा: गोष्ट, कशावरून, किती खात्री. रेझ्युमेत फक्त पक्क्या ओळी जाऊ द्या. हा कागद जपून ठेवा, फॉर्म भरताना आणि मुलाखतीआधी तोच लागतो.

माणूसबळ_मावशी

आणि दोन्ही ठिकाणी चार ओळींचं पत्र पाठवा: नाव, कर्मचारी क्रमांक, स्लिपचा महिना, आणि 'सेवेचा कालावधी व पद दर्शवणारं प्रमाणपत्र मिळावं'. 'माझी सगळी कागदपत्रं द्या' असं लिहिलं की पत्र बाजूला पडतं. एकच गोष्ट मागा, स्लिपची झेरॉक्स जोडा. कारखाना सोडल्याचा महिना तुमच्या स्लिपवरून निघत नाही, तो यातूनच कळेल.

कोठारी_नोंद

दोन्ही पत्रं उद्या टाकतो. आतापर्यंत एवढं जमलं:

मे 2014 पासून, कारखान्याचं स्टोअर्स. असिस्टंट, पुढे सीनियर असिस्टंट (2016). सोडल्याचा महिना पत्राचं उत्तर आल्यावर.
2017 ते एप्रिल 2019, हेल्पर, एजन्सीमार्फत. वर्षअखेरच्या मोजणीत चार जणांच्या गटासोबत, 2019 मध्ये रात्रपाळीत आवक नोंदीची जबाबदारी.

राहिली पहिली, रोख पगाराची नोकरी. ती लिहू की सोडू?

सरळरेघ

सोडा. पुरावा नाही तर लिहूच नका.

माणूसबळ_मावशी

मी लिहीन. वर्षभर खरं काम केलंय, आणि न लिहिल्यास तिथे मोकळी जागा दिसते. मालक किंवा जुना सहकारी फोनवर सांगायला तयार असेल तर संदर्भ म्हणून त्याचं नाव द्या, त्याला आधी विचारून.

ताळेबंद_वाचक

सहकारी सापडला तर लिहा. नाही सापडला तर रेझ्युमेत एक ओळ ठेवायला हरकत नाही, पण पडताळणीच्या फॉर्ममध्ये 'कागदपत्र उपलब्ध नाही' हे आधीच लिहा. काही कंपन्या ते मान्य करतात, काही ती नोकरी अनुभवात धरत नाहीत. अर्ज करताना एचआरला विचारूनच कळेल.