'फूट' म्हणजे पाद, गण की आवर्तन? (आणि 'ग्रिड'चं काय करायचं?)

अनघा_वाई
जरा मदत हवी आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीची एक हस्तपुस्तिका मराठीत करतेय, त्यात लांब शब्दांतल्या आघातांवर एक प्रकरण आहे. मुख्य आघात, दुय्यम आघात इथपर्यंत गाडी नीट चालली. पुढे 'फूट' आणि 'ग्रिड' आले. मी फूट तसंच ठेवलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे 'पाद' करून परत पाठवलं. आता वाक्य असं झालंय: 'रिकन्सिलिएशन या शब्दात तीन पाद आहेत.' आपल्याकडे पाद म्हणजे श्लोकाचा चौथा हिस्सा, अख्खा चरण. एका शब्दात तीन चरण कसे मावतील? त्यांचं म्हणणं, फूट म्हणजे पाय, पाय म्हणजे पाद, वाद संपला. ग्रिडला त्यांनी 'जालक' केलंय. तुम्ही काय म्हणाल?

वृत्तवेडा
गण म्हणा की सरळ. यमाताराजभानसलगा शाळेत सगळ्यांनी घोकलंय. भुजंगप्रयातात चार य-गण, लघु गुरू गुरू, चार वेळा. इंग्रजी कवितेतही ओळीला पाच फूट असतात तसंच हे. कोणती कविता आहे ते सांगा, मी लगक्रम मांडून देतो.

अनघा_वाई
कविता नाहीये हो, सुटे शब्द आहेत. रिकन्सिलिएशन, मल्टिप्लिकेशन, मेडिटरेनियन असले.

चिन्मय_ध्वनी
गण इथे चालणार नाही असं मला वाटतं, आणि कारण फक्त नावाचं नाही. आपला गण तीन अक्षरांचा ठरलेला, तो लघु-गुरूवर मोजतात, आणि शब्द मधेच तुटला तरी गणाला काही फरक पडत नाही. त्यात अमुक अक्षर बाकीच्यांचं म्होरक्या असं काही नसतं. इंग्रजी शब्दातल्या फुटाचा सगळा अर्थच म्होरक्यात आहे. एक जोरकस अक्षर पुढे आणि त्याच्या मागे एखादं (कधी दोन) दबलेलं अक्षर, असा तो घोळका.

अनघाताईंचाच शब्द घ्या. अक्षरं सहा: रे, कन्, सि, ली, ए, शन्. घोळके तीन: रे-कन्, सि-ली, ए-शन्. म्होरके रे, सि आणि ए. फूट एवढंच सांगतो, कोण कोणासोबत आणि पुढे कोण. पण तीन म्होरक्यांत थोर कोण हे सांगायला ग्रिड लागतो. शब्दकोशात ए च्या आधी वरची खूण असते, रे आणि सि दोघांच्या आधी खालची खूण, म्हणजे ते दोघे सारखेच वाटतात. ते सारखे नाहीत. रे जास्त जोरात आहे.

इथे मराठी अक्षरं आणि फुल्या एकाखाली एक नीट बसत नाहीत, म्हणून ग्रिड आडवा पाडून देतो. फुल्यांची रांग जेवढी लांब तेवढा जोर:

```
रे     × × ×
कन्    ×
सि     × ×
ली     ×
ए      × × × ×
शन्    ×
```

पहिली फुली सगळ्यांना, अक्षर आहे म्हणून. दुसरी फक्त म्होरक्यांना. तिसरी रे आणि ए ला. चौथी एकट्या ए ला. हे फुल्यांचं प्रकरण मार्क लिबरमन आणि ॲलन प्रिन्स यांच्या 1977 च्या लेखापासून रुजलं. त्याआधी, 1968 च्या चॉम्स्की-हॅले यांच्या पुस्तकात आघाताला 1, 2, 3 असे आकडे देत. आकडा त्या अक्षराचा एकट्याचा गुण वाटतो. फुल्यांत दिसतं की जोर ही शेजाऱ्यांच्या तुलनेतली गोष्ट आहे.

राजाभाऊ_सोलापूर
एवढं कशाला? एक सोपा नियम आहे, मी वीस वर्षं मुलांना हाच शिकवलाय. मुख्य आघात शोधा, तिथून मागे दोन अक्षरं मोजा, तिथे दुय्यम आघात. एक्झॅमिनेशन: 'ने' वर मुख्य, दोन मागे 'झॅ'. प्रनन्सिएशन: 'ए' वर मुख्य, दोन मागे 'नन्'. रिकन्सिलिएशनमध्ये पण दोन मागे सि, आणखी दोन मागे रे. झालं. मुलांना फुल्याबिल्या दाखवल्या की घाबरतात.

चिन्मय_ध्वनी
राजाभाऊ, नियम खूप शब्दांना लागू पडतो हे खरं, कारण घोळके बहुतेक दोन-दोन अक्षरांचे असतात. पण मल्टिप्लिकेशन मोजून बघा. मल्, टि, प्लि, के, शन्. मुख्य आघात 'के' वर. दोन मागे 'टि', आणि तिथे आघात देऊन म्हणून बघा, कसं विचित्र वाटतं. दुय्यम आघात 'मल्' वर आहे, तीन मागे. क्लासिफिकेशन तसंच, आयडेंटिफिकेशनमध्ये 'डेन' ही तीन मागेच.

```
मल्    × ×
टि     ×
प्लि    ×
के     × × ×
शन्    ×
```

मल्-टि हा एक घोळका, के-शन् दुसरा. 'प्लि' मधे एकटाच राहिला.

राजाभाऊ_सोलापूर
ते मूळ शब्दामुळे आहे. मल्टिप्लाय मध्ये मल् वर आघात आहे म्हणून तो तिथेच राहिला. नियम चुकत नाही, अपवादाला कारण आहे.

चिन्मय_ध्वनी
मूळ शब्दाचं अगदी बरोबर बोललात. रिकन्सिलिएशनमध्ये रे हा सि पेक्षा वरचढ आहे तोही रेकन्साइल या क्रियापदाशी जुळतो, त्यात मुख्य आघात रे वरच. पण मग मेडिटरेनियन? तिथे कुठलं क्रियापद नाही, तरी 'रे' च्या तीन मागे 'मे' वर दुय्यम आघात. ॲब्राकडॅब्रा पण तसाच.

मेधा_न्यूजर्सी
हे वाचून मला माझं आठवलं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी ऑफिसात 'डेव्हलपमेंट' म्हटलं की समोरचा दोनदा विचारायचा. मी पहिल्या 'डे' वर जोर द्यायचे, बाकीची अक्षरंही आपल्या सवयीनं सगळी पूर्ण म्हणायचे. जोर 'व्हे' वर हवा आणि पहिला स्वर जवळजवळ गिळायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. चुकीचा स्वर त्यांना चालतो, चुकीचा आघात चालत नाही, शब्दच ओळखू येत नाही. तेव्हा शिक्षकांच्या पुस्तकात हे येतंय याचा मला फार आनंद आहे, शब्द काहीही वापरा.

पण एक विचारायचं होतं. इथले लोक कॅपिटलिस्टिक म्हणतात तेव्हा मला 'कॅपिडलिस्टिक' ऐकू येतं. मिलिटरिस्टिक म्हणतात तेव्हा तो ट स्वच्छ, उलट थोडा ठ कडे झुकलेला. दोन्ही शब्दांत ट तिसऱ्या अक्षरात, पुढे 'लिस' आणि 'रिस' वर मुख्य आघात, मग फरक का? मी नवऱ्याला, मुलीला, सगळ्यांना म्हणायला लावून बघितलंय, मुलगी तर इथेच वाढलीय, तिचं तसंच येतं.

चिन्मय_ध्वनी
मेधाताई, तुमचे कान पक्के आहेत, भाषाशास्त्रात नेमकी हीच जोडी प्रसिद्ध आहे. उत्तर मूळ शब्दांच्या फुटांत आहे. कॅपिटल मध्ये ट घोळक्याच्या पोटात आहे, पुढचा स्वर दबलेला, म्हणून अमेरिकन जिभेवर तो ड सारखा निसटतो. अमेरिकन मिलिटरी मध्ये मात्र 'टे' ला स्वतःचा दुय्यम आघात आहे, म्हणजे तिथे नवा घोळका सुरू होतो, आणि घोळक्याच्या दारातला ट श्वासासकट येतो. मिलिटरिस्टिक करताना 'टे' चा स्वर दबला, आघात गेला, पण ट आपला दारातला थाट सोडत नाही.

सविता_मंगळवेढा
मी भाषाशास्त्रातली नाही, पण फुल्यांचं चित्र बघून एकच आठवलं. आजीच्या माजघरात कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. खाली मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान, वर अगदी लोटकं. तुमची आडवी रांग उभी केली तर तीच होते ना? ज्याची रास उंच तो जोरात. ग्रिडला उतरंड म्हणा की, कोणालाही कळेल.

चिन्मय_ध्वनी
सविताताई, हे फारच नेमकं आहे! ग्रिडचा एक कडक नियमच आहे: खालच्या पायरीवर फुली नसेल तर वरच्या पायरीवर देता येत नाही. मधलं मडकं काढून वरचं ठेवता येत नाही, अगदी तसंच.

भाषाव्रती
उतरंड नको. हल्ली हा शब्द 'जातींची उतरंड' यातच ऐकू येतो, वर्गात शिक्षक म्हणाला की मुलांच्या डोक्यात तेच येईल. शिवाय उतरंड एक असते, इथे सहा अक्षरांच्या सहा. 'बलस्तंभ' करा, प्रत्येक अक्षराचा एक स्तंभ. आणि फुटासाठी 'आवर्तन' आहेच. मात्रावृत्तात आठ-आठ मात्रांचं आवर्तन असतं, त्याच्या पहिल्या मात्रेवर आपण टाळी देतो, म्हणजे जोर आधी आणि बाकीचे मागे. म्होरक्या आला की नाही? आपल्या भाषेत शब्द आहेत, शोधायचे कष्ट नकोत म्हणून फूट आणि ग्रिड.

सविता_मंगळवेढा
जातीसाठी वापरतात म्हणून मडक्यांनी आपलं नाव सोडायचं का? आमच्याकडे अजून उतरंडच म्हणतात.

अनघा_वाई
आवर्तन मला आवडलं, टाळीचा दाखला फार छान. पण आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, मात्रा समान असतात. मल्टिप्लिकेशनमधला एकटा 'प्लि' आवर्तनात कुठे बसवू?

वृत्तवेडा
आधीच्या टाळीत घ्या. म्हणताना आपण 'मल्टिप्लि' एका दमातच म्हणतो.

चिन्मय_ध्वनी
इथे खरा तिढा आहे आणि अभ्यासकांतही तो सुटलेला नाही. इंग्रज लोक चिडून शब्दाच्या मधे 'ब्लडी' घालतात, ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली. 1982 साली जॉन मॅकार्थी यांनी दाखवलं की ही फट घोळक्यांच्या सीमेवरच पडते, 'ॲब-ब्लडी-सोल्यूटली' कोणी म्हणत नाही. म्हणजे घोळके कागदावरचे नाहीत, चिडलेल्या माणसाच्या तोंडातही आहेत. पण मधलं एकटं अक्षर असलेल्या शब्दांत फट त्या अक्षराच्या आधीही चालते आणि नंतरही. म्हणजे ते मागच्याचं की पुढच्याचं, या कसोटीवर ठरत नाही.

दुसरी कसोटी मेधाताईंच्या ट ची. मेडिटरेनियन मधला ट अमेरिकन लोक ड करत नाहीत, श्वासासकट म्हणतात. म्हणजे तो मागच्या घोळक्याच्या पोटात नसावा, पुढच्याला चिकटलेला असावा. वृत्तवेडांच्या कानाला एक दम वाटतो, ट उलट सांगतो.

राजाभाऊ_सोलापूर
तो एकटा ट चा पुरावा. स्वरांचं काय? माझ्या मुलांना परीक्षेत खूण कुठे द्यायची एवढंच हवंय, आणि ती 'मे' वर, हे मी मान्य करतो. 'दोन मागे' मध्ये 'किंवा तीन' घालतो.

अनघा_वाई
तपासणाऱ्या बाईंना कळवलं की पाद नको. त्यांचं उत्तर आलं, मग 'पदक' करा. मी सध्या फूट ठेवलंय, पहिल्यांदा येतं तिथे टाळीचा दाखला दिलाय आणि ग्रिडच्या चित्राखाली उतरंडीबद्दल एक ओळ. भाषाव्रती, स्तंभ प्रत्येक अक्षराच्या रांगेला वापरतेय, तो तुमचा.

मेधा_न्यूजर्सी
चिन्मय, म्हणजे नव्रातिलोवा मधला ट पण? इथले जुने टेनिसवाले 'नव्रा' वर थोडा जोर, 'लो' वर जास्त, आणि मधला ट मला चांगला स्वच्छ आठवतोय. आज मुलीला म्हणायला लावते.