'कन्व्हर्जन' आणि 'रिव्हर्सल'ला मराठीत काय म्हणाल? (सट्ट्यातले, धर्माचे नव्हे)

माधवी_वडोदरा
मंडळी, एक अडचण आहे. इथल्या एका क्लाससाठी ऑप्शन ट्रेडिंगच्या नोट्स मराठीत करून देतेय. 'कन्व्हर्जन-रिव्हर्सल आर्बिट्राज' असं प्रकरण आलं, आर्बिट्राज म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन भावांतला फरक खिशात घालणं. मी 'रूपांतर' आणि 'उलटापालट' लिहिलं तर दांडिया बाजारातले आमचे काका वाचून म्हणाले, उलटापालट म्हणजे वाट लागली, यात तर म्हणे नफा पक्का असतो, मग उलटापालट कशी? सुचवा काहीतरी. आर्बिट्राजला सरकारी हिंदीत 'अंतरपणन' सापडलं, पण ते क्लासमध्ये उच्चारायची माझी हिंमत नाही.

कँडलवाला
रिव्हर्सल म्हणजे ट्रेंड पलटणे ना ताई. वरून खाली यायला लागला की रिव्हर्सल कँडल बनते. 'कलाटणी' लिहा, फिट बसतं.

जुनाजोगी
कँडलवाला भाऊ, तो रिव्हर्सल वेगळा. इथे चार्ट बघायचाच नसतो, बाजार वर जावो की खाली, फरक पडू नये म्हणूनच हा सौदा करतात. कॉल म्हणजे ठरल्या भावाला घ्यायचा हक्क, पुट म्हणजे विकायचा, तो भाव म्हणजे स्ट्राइक, आणि फ्युचर म्हणजे आपला वायदा. एकाच स्ट्राइकचा, एकाच एक्स्पायरीचा कॉल घेतला आणि पुट विकला की तो आपोआप घेतलेल्या फ्युचरसारखा वागतो, आता खरा फ्युचर त्याहून महाग दिसला तर तो विकायचा, मधला फरक आपला. हा रिव्हर्सल. सगळं उलट केलं, म्हणजे फ्युचर घेतला, कॉल विकला, पुट घेतला, तर कन्व्हर्जन.
नावाची गंमत सांगतो. 1973 ला शिकागोचं ऑप्शन एक्स्चेंज सुरू व्हायच्या आधी न्यूयॉर्कमध्ये हे सौदे दलालांमार्फत व्हायचे. गिऱ्हाइकाला कॉल हवा आणि हातात आहे पुट, तर दलाल तो पुट घ्यायचा, जोडीला शेअर घ्यायचा, की झाला कॉल तयार, तो विकून टाकायचा. पुटचा कॉल केला म्हणून कन्व्हर्जन. आपल्याकडच्या जुन्या बाजारात कॉलला तेजी आणि पुटला मंदी म्हणायचे, म्हणजे कन्व्हर्जन म्हणजे अक्षरशः मंदीची तेजी करणे. आणि रिव्हर्सल म्हणजे तेजीची मंदी.

माधवी_वडोदरा
अहो हे तर सोनं दिलंत! पण 'मंदीची तेजी' वाचून पोरांना वाटेल मंदी संपली.

शुद्धलेखक
'पालट' आणि 'प्रतिपालट' घ्या. आपल्याच बडोद्यात 1931 साली सयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला, गुजराती मराठी संस्कृत सगळ्या भाषांतले शब्द एकत्र. आणि आपण कॉल-पुट-फ्युचर लिहितोय, लाज वाटली पाहिजे.

जुनाजोगी
तो कोश राज्यकारभाराचा होता हो, त्यात पुट कुठून सापडणार. आणि 'वायदा' तरी कुठे आपला, अरबीतून आला आणि रुळला. फ्युचरही रुळला.

गाळा_शोधक
सरळ 'बदला' म्हणा की! माझे आजोबा मुंबईच्या बाजारात होते, बदला शब्द घरोघरी होता. कन्व्हर्जन म्हणजे बदलणे, बदला म्हणजे बदलणे, एकच मूळ.

जुनाजोगी
मूळ बरोबर, वस्तू चूक. बदला म्हणजे सौदा पुढच्या सेटलमेंटला ओढणे आणि त्याचं व्याज देणे-घेणे, 2001 मध्ये बंद झाला. आता तोच शब्द इथे वापरलात तर जुने लोक भांडायला येतील, त्यात मी पहिला.

सुरसागर_संध्याकाळी
शब्दाचं तुम्ही बघा, मी हा रिव्हर्सल स्वतः केलाय, 2025 मध्ये. निफ्टीचा लॉट तेव्हा 75 चा. आकडे गोल करून सांगतो. फ्युचर 25,010, 25,000 चा कॉल 300 आणि पुटही 300. म्हणजे 10 पॉइंट फुकट, 750 रुपये. मी म्हटलं बसल्या जागी पैसे! कॉल घेतला, फ्युचर विकला, पुट विकायला गेलो तोवर 300 चा 297 झाला ने. 10 चे 7 राहिले, 525 रुपये.
मग काँट्रॅक्ट नोट आली. फ्युचर विकल्याचा एसटीटीच, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, 375, पुट विकल्याचा 22, दलाली तीन ऑर्डरचे 60, आणि एक्स्चेंजचा चार्ज, स्टॅम्प, जीएसटी वगैरे मिळून सत्तरेक. बाजार मधे 600 पॉइंट वर गेला तेव्हा आणखी मजा. फ्युचरचा तोटा रोज रोख कापतात, 45,000 खात्यातून गेले, कॉलचा फायदा मात्र स्क्रीनवरच, हातात काही नाही. मार्जिन, म्हणजे दलालाकडे ठेवायचं तारण, कमी पडल्याचा मेल आला, बायकोच्या खात्यातून पैसे फिरवले, का ते आजतागायत सांगितलेलं नाही. एक्स्पायरीला निफ्टी 25,400 ला बंद, कॉल आत, म्हणजे फायद्यात, होता म्हणून त्यावर परत 37 रुपये एसटीटी. एकूण खर्च 565 च्या आसपास. म्हणजे 'पक्का नफा' करून 40 रुपये घरातून घातले. 🙏

गाळा_शोधक
तुम्ही उशीर केलात म्हणून. तिन्ही ऑर्डर एका बटणावर टाका, मग पूर्ण 10 मिळतात.

जुनाजोगी
मिळाले असते तरी 185 राहिले असते. लाखभर मार्जिन तीन आठवडे अडकवून 185, त्यापेक्षा एफडी जास्त देते. आणि तो 300 शेवटच्या सौद्याचा भाव, विकायला गेल्यावर समोर घेणारा 298 लाच उभा असतो. खरं गणित घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावावर करा, निम्मे गाळे, म्हणजे भावांतले फरक, तिथेच मिटतात.
दुसरं बघा. 375 भागिले 75 म्हणजे 5 पॉइंट. नुसत्या एसटीटीचं तेव्हा एवढं कुंपण होतं, कुंपणाच्या आतला फरक म्हणजे चुकलेला भाव नव्हेच, तो तिथे पडून राहणारच. कुंपणाबाहेर गेला की एक्स्चेंजच्याच इमारतीत मशीन लावून बसलेले उचलतात. ते दलाली देत नाहीत, आणि बरेचदा घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या रांगेत स्वतःच उभे असल्यामुळे मधला फरकही त्यांना पडत नाही, उलट मिळतो. आपल्याला फरक निवांत दिसत असेल तर आधी विचारावं की त्यांनी का सोडला.

कँडलवाला
मला तर एका शेअरमध्ये पुट बराच महाग दिसतोय कॉलपेक्षा, तीन दिवस झाले. मशीनवाले झोपले का?

जुनाजोगी
त्याचा फायदा घ्यायला पुट विकून, कॉल घेऊन शेअर विकावा लागेल. आपल्याकडे कॅशमध्ये न घेतलेला शेअर विकून रात्रभर ठेवता येत नाही, उसना आणावा लागतो, आणि अशा वेळी तो मिळत नाही नाहीतर भाडं जबर. पुट महाग दिसतोय तो त्या भाड्यामुळे असू शकतो. फ्युचर बघितलात का, तोही खालीच असेल.

कँडलवाला
हो, डिस्काउंटला आहे. मग ट्रेंड खाली ना?

शुद्धलेखक
'डिस्काउंट' नव्हे, 'कसर'.

गाळा_शोधक
कसर म्हणजे कपडे-पुस्तकं खाणारा किडा आमच्याकडे. गुजरातीत काटकसर. तुमचं कुठलं?

शुद्धलेखक
कसर म्हणजे उणीव. मोल्सवर्थ काढून बघा.

माधवी_वडोदरा
अहो माझं प्रकरण उद्या द्यायचंय! काका आता म्हणतात 'अदलाबदल' लिही. मी तूर्त कन्व्हर्जन, रिव्हर्सल देवनागरीतच ठेवते आणि खाली सुरसागरभाऊंचा हिशोब टाकते, नाव न घालता. चालेल ना?

सुरसागर_संध्याकाळी
चालेल. फक्त बायकोच्या खात्याचं काढा, ती त्याच क्लासला जाते.