प्रतिसाद: गोवर-रुबेलाचा ताप उशिरा का येतो

«पेंटाव्हॅलेंटच्या वेळी त्याच रात्री ताप आला, गोवर-रुबेलानंतर पाच दिवस काहीच नाही, मग लस लागू पडली का?»

ताप न येणे म्हणजे लस वाया जाणे नव्हे. शिवाय या लशीचा ताप, आलाच तर, साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो. पेंटाव्हॅलेंटमध्ये मारलेले जंतू किंवा त्यांचे अंश असतात आणि शरीर त्यांच्यावर लगेच प्रतिक्रिया देते, त्यामुळे ताप, चिडचिड आणि मांडीवरील सूज पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसते. गोवर-रुबेलातील विषाणू मात्र जिवंत पण दुबळे केलेले असतात. ते शरीरात थोडे वाढल्यावरच पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात, प्रतिपिंडे तयार करतात आणि ही ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी मागे ठेवतात. त्या सुमारास काही मुलांना ताप आणि अंगावर फिकट पुरळ येते, जे दोन-तीन दिवसांत आपोआप जाते. (इतक्या दिवसांनी लशीची आठवण कुणालाच राहत नाही आणि दोष दातांवर जातो.)

नवव्या महिन्यात पहिला डोस देताना आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बाळांत अजून शिल्लक असतात व लशीतील विषाणू वाढण्याआधीच निष्प्रभ करतात. अशी मुले सोळा ते चोवीस महिन्यांच्या दुसऱ्या डोसमुळे सुरक्षित होतात, म्हणून तो चुकवू नये. तापासाठी पॅरासिटामॉल बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. झटका आला, बाळ सुस्त पडले किंवा ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, तर लशीचाच परिणाम असेल असे धरून न चालता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.