बोरॅक्स लावलेला पडदाही पुन्हा तपासा

«बोरॅक्सच्या पाण्यातून काढलेला पडदा समईशेजारी लावला तर चालेल ना?»

सुती असेल तर उपयोग होतो, कापड सहज पेटत नाही, पण कापड धुतलं की बोरॅक्स निघून जातं. इंदूरला आमच्या गणपतीच्या मखराचे पडदे आम्ही असेच करतो: एक लिटर कोमट पाण्यात ७० ग्रॅम बोरॅक्स आणि ३० ग्रॅम बोरिक ॲसिड, त्यात कापड पूर्ण भिजवून हलकं पिळायचं आणि वाळवायचं. (बादली मुलांपासून लांब ठेवा, पोटात गेलं तर विषारी आहे.) एका वर्षी पडदे मधे धोब्याकडे जाऊन आले होते, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. लावण्याआधी शिवणीतली पट्टी कापून अंगणात काडी धरली, तर ज्वाळा सरसर वर चढली. पुन्हा भिजवून वाळवल्यावर तीच परीक्षा घेतली. काडी बारा सेकंद धरली, कापड काळं पडलं आणि काडी काढताच विझलं. पॉलिस्टरवर मात्र हा उपाय भरवशाचा नाही. ते वितळून पेटते थेंब खाली टाकतं.

आणि अंतर बाजूनं मोजून थांबू नका. गरम हवा सरळ वर जाते, म्हणून समईच्या डोक्यावर झालर किंवा कागदी तोरण नकोच. बाजूला आम्ही हातभर जागा सोडतो, आणि पडद्याची खालची कड बांधून टाकतो, कारण पंखा लागला की मोजलेलं अंतर उरत नाही.