नाइन स्टार की: बाईचा अंक वेगळा काढायचा का?

मृण्मयी: मुलगा १२ जून १९८८चा, मुलगी २० जानेवारी १९९१ची. लग्नासाठी नाइन स्टार की, म्हणजे जन्मतारखेवरून प्रत्येकाला नऊपैकी एक तारा देऊन करतात ती जुळवणी, बघितली. एका साइटवर छान जुळतंय, दुसरीवर कडक विरोध. तारखा दोन्हीकडे त्याच टाकल्या होत्या. स्त्री-पुरुषांचं गणित वेगळं असतं का? कुठलं खरं धरायचं?

समीर_नाशिक: वेगळंच असतं. जन्मवर्षाच्या आकड्यांची बेरीज एक अंकी होईपर्यंत करा. पुरुष असेल तर ती ११मधून वजा करा, स्त्री असेल तर तिच्यात ४ मिळवा. १९८८ची बेरीज २६, म्हणजे ८, म्हणून मुलगा ३. १९९१ची बेरीज २०, म्हणजे २, त्यात ४ मिळवून मुलगी ६. तीन म्हणजे लाकूड, सहा म्हणजे धातू. धातू लाकूड कापतो, त्यामुळे विरोध दाखवणारी साइट बरोबर. लो शू ग्रिड मांडणारे सगळे असंच करतात.

अनघा: समीर, सूत्र बरोबर आहे, पण ते चिनी फेंगशुईतल्या कुआ अंकाचं. तो मुख्यतः घराच्या आणि झोपण्याच्या दिशा ठरवायला काढतात. नाइन स्टार की आलं जपानच्या क्युसेई किगाकूतून, जे सोनोदा शिनजिरो यांनी १९२४च्या सुमारास मांडलं. तिथे वर्षाचा तारा बाईला आणि पुरुषाला एकच, दोघांचीही बेरीज ११मधून वजा.

शिवाय दोन्ही पद्धतींत लागू पडणारी एक गोष्ट तुमच्याकडून सुटली. हे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, रिश्शुनला होतं, म्हणजे साधारण ४ फेब्रुवारीला. २० जानेवारी १९९१ला जन्मलेली मुलगी १९९०ची धरायची. १९९०ची बेरीज १९, मग १०, मग १. अकरातून एक गेला की १०, म्हणजे पुन्हा १. तिचा तारा १, पाणी. मुलाचा ३, लाकूड. पाणी लाकडाला पोसतं, म्हणून पहिल्या साइटवर जुळलं. यात देणारी बाजू मुलीची, एवढं मात्र लक्षात ठेवा.

समीर_नाशिक: वर्षाचा मुद्दा मान्य. पण मग माझ्या सूत्रानं १९९० धरून मुलगी १ + ४ = ५ येते, म्हणजे माती. लाकूड मातीवर मात करतं, विरोध राहिलाच! कुआत पाचच्या बाईला ८ देतात, तीही मातीच. दिशेसाठी स्त्री-पुरुष वेगळे चालतात, मग नात्यात का नाही?

अनघा: कारण पद्धती दोन आहेत. पाश्चात्त्य शिक्षकांपैकी काही बाईचा हा वेगळा अंक वापरतात, काही नाही, त्यामुळे साइटवर पद्धत लिहिलेली नसेल तर निकालावर विसंबू नका. दोघांना एकच पद्धत लावा. एकाचा अंक इथला आणि दुसऱ्याचा तिथला घेतला की उत्तर निरर्थक होतं.

पराग_ठाणे: आम्ही दोघं १९८५चे, एकाच वर्गातले. म्हणजे जपानी हिशेबानं आमच्या बॅचमधली सगळी जोडपी ६-६?

अनघा: वाढदिवस फेब्रुवारीच्या रिश्शुननंतरचे असतील तर हो, सगळ्यांचा वर्षतारा ६. म्हणूनच पुढे महिन्याचा तारा बघतात. समीरच्या सूत्रानं तुम्ही ६ आणि पत्नी ९ होते, म्हणजे आग धातू वितळवते. मृण्मयीच्या जोडीत महिन्याचे तारे मुलाचा १ आणि मुलीचा ६ येतात. धातूतून पाणी, तेही पोषकच.

हर्षद_के: मला मुळात ‘विरोध’ या शब्दाचीच धास्ती खटकते. नऊ ताऱ्यांत माती तीन (२, ५, ८), लाकूड दोन (३, ४), धातू दोन (६, ७), पाणी आणि आग एकेक. एकूण ८१ जोड्यांपैकी ३२ विरोधी निघतात, त्याही सारख्या वाटलेल्या नाहीत. ३ किंवा ४ अंकाच्या माणसाला नऊपैकी पाच तारे विरोधी, मातीच्या माणसाला फक्त तीन. म्हणजे मृण्मयी, त्या मुलाला कोणतंही स्थळ आणा, निम्म्याहून जास्त वेळा लाल शेराच मिळणार. यावर स्थळ नाकारणं अन्याय आहे.

अनघा: आकडे बरोबर आहेत. पण जाणकार विरोधी जोडीला नकार देत नाहीत, मधला दुवा शोधतात. लाकूड आणि माती असेल तर मध्ये आग. लाकूड आगीला देतं, आग मातीला.

हर्षद_के: दुवा शोधून प्रत्येक जोडी जमणार असेल, तर जुळवणीतून कळलं काय?

समीर_नाशिक: मी तरी बाईचा अंक वेगळाच काढणार. बरं अनघा, ४ फेब्रुवारी १९८४ला रात्री दहाला पुण्यात जन्म असेल तर वर्ष कुठलं? जपानी कॅलेंडरात त्या साली रिश्शुन ५ तारखेला आहे.

अनघा: ५ तारीख टोकियोच्या घड्याळाची. क्षण तिथे मध्यरात्रीनंतर लगेचचा, आणि आपण साडेतीन तास मागे, म्हणजे पुण्यात तेव्हा ४ तारखेचे रात्रीचे नऊही वाजले नव्हते. माझ्या मते जन्म १९८४चा, तारा ७. जपानी कॅलेंडरची तारीख जशीच्या तशी धरणारे १९८३ म्हणजे ८ सांगतील. मला ते पटत नाही.