प्रतिसाद: एलईडी लावले, पण कूलर की एसी?

«एलईडी लावले, प्लास्टिक पिशव्या बंद केल्या, आता घरात कमी करण्यासारखं उरलंय काय?»

उरलाय तो एसी. आपल्या नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा केंद्रांची वीज कोळशाची. देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तरी एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दीड टनी एसी रात्रभर चालला की दहाएक युनिट, म्हणजे ७ किलो. १४.२ किलोचं सिलिंडर पूर्ण जळून साधारण ४२ किलो देतं. म्हणजे सहा रात्रींच्या एसीत एक सिलिंडर! पिशव्यांचा हिशेब यापुढे किरकोळच.

दोनशे वॅटचा कूलर तेवढ्याच वेळात दीडेक युनिट खातो. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवल्या, समोरची खिडकी उघडी ठेवली की भागतं. जुलैत मात्र दमट हवेत कूलर नुसता चिकचिक करतो; तेव्हा एसी २६ वर ठेवून पंखा लावा.