शब्दचर्चा : ‘व्यस्त’, हिंदीतला, शाळेतला आणि २६ वरचा

सातरस्ता_मावशी
भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिने हिल सायफर, म्हणजे गुप्त संदेश लिहायची एक रीत, घेतलाय आणि तक्ता मराठीत लिहून द्यायचं मी कबूल करून बसले. अक्षरांना आकडे द्यायचे (A ला ०, B ला १, असं Z ला २५), दोन-दोन अक्षरांची जोडी करायची, चार आकड्यांच्या मॅट्रिक्सने गुणायची आणि २६ ने भागून बाकी घ्यायची. आलेल्या बाकीची पुन्हा अक्षरं. इथवर मराठी सरळ चालली. तिची किल्ली आणि संदेश असा:

```
K = 5 6      CHADAR -> AXSJYZ
    1 3
```

C म्हणजे २, H म्हणजे ७. ५×२ + ६×७ = ५२, बाकी ०, म्हणून A. १×२ + ३×७ = २३, म्हणून X. असं पुढे.

अडलं ते संदेश उलगडायच्या मॅट्रिक्सपाशी. आधी मी ‘उलटी सारणी’ लिहिलं होतं. ते वाचून तिच्या गटातल्या मुलाने खरोखरच खालची ओळ वर नि वरची खाली केली आणि CH च्या जागी RI काढून दाखवलं. मग ‘व्यस्त सारणी’ केलं, तर आमचे आण्णा म्हणाले, “सारणी कशात व्यस्त आहे?” आता काय लिहू?

कडकभाकरी
आण्णांचं चुकलं नाही मावशी, टीव्हीने व्यस्त म्हणजे बिझी करून ठेवलंय. मराठीत कामात असलेला माणूस ‘व्यग्र’. ‘व्यस्त’ हा शाळेतला शब्द आहे, ‘गुणाकार व्यस्त’. ५ चा व्यस्त १/५, ९ चा १/९. अंश खाली, छेद वर, झालं. तुमच्या मॅट्रिक्सचा निश्चयक ५×३ वजा ६×१, म्हणजे ९. तेव्हा कर्णावरच्या दोन आकड्यांची आपसांत अदलाबदल करा, बाकीच्या दोघांची चिन्हं बदला, सगळ्याला ९ ने भागा. ‘व्यस्त सारणी’ बरोबर आहे, तेच ठेवा.

पोरगं_जुळेसोलापूर
भागून बघितलं की मी. रात्री बारापर्यंत हेच करलालो. संगणकावर numpy मध्ये np.linalg.inv टाकलं तर ०.३३, उणे ०.६७, उणे ०.११, ०.५६ असं आलं. ०.३३ वं अक्षर कुठलं बे? राउंड केलं आणि AX उलगडून बघितलं तर DX आलं. CH यायला पाहिजे होतं. मला वाटतं किल्लीच चुकलीय.

मागवाला
आमच्या वडिलांच्या दुकानात असलं गुपित होतं. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द घरात ठरलेला, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. चादरीच्या चिठ्ठीवर खरेदी किंमत अक्षरांत. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी नोकराला कळायचं कितीपर्यंत सोडायचं. शब्द सांगत नाही, भाऊ अजून वापरतो. त्याला आम्ही व्यस्त नि बिस्त काही म्हणत नव्हतो, ‘खूण’ म्हणायचो. तुम्ही पण खूण म्हणा.

अंकमास्तर
मागवाले, तुमची खूण वेगळ्या जातीची. तिच्यात एक अक्षर कायम एकाच आकड्याचं, त्यामुळे चार-पाच चिठ्ठ्या आणि किमतीचा अंदाज असलेला माणूस ती फोडतो. मावशींच्या CHADAR मध्ये A दोनदा आहे. एकदा त्याचा S झाला, एकदा Y, कारण जोडीदार बदलला. लेस्टर हिल यांनी १९२९ साली ही पद्धत मांडली तिचं मर्म हेच आहे, अक्षर एकटं जात नाही, जोडीने जातं. तेव्हा ‘खूण’ इथे पुरत नाही.

आता व्यस्त. कडकभाकरी, शब्द तुम्ही बरोबर दिलात, अर्थ अर्धाच दिलात. ९ चा व्यस्त म्हणजे १/९ ही व्याख्या नाही, ते एका गावचं उत्तर आहे. व्याख्या अशी की ज्याने गुणल्यावर १ येतो तो व्यस्त. अपूर्णांकांच्या गावात तो १/९. पण इथे गावात ० ते २५ एवढेच आकडे राहतात आणि गुणाकारानंतर २६ ने भागून उरते ती बाकी तेवढी खरी. अशा गावात ९ ला कशाने गुणलं की १ उरतो? ३ ने. २७ मधून २६ गेले, १ उरला. तेव्हा इथे ९ चा व्यस्त ३ आहे, आणि ‘९ ने भागा’ च्या जागी ‘३ ने गुणा’ म्हणायचं.

पोरा, तुझी किल्ली ठीक आहे, तू दुसऱ्या गावची उलट किल्ली लावलीस. बदलाबदली करून ३, उणे ६, उणे १, ५ येतात. उणे ६ म्हणजे इथे २०, उणे १ म्हणजे २५. सगळ्यांना ३ ने गुण, बाक्या घे: ९, ८, २३, १५. आता AX, म्हणजे ० आणि २३. ९×० + ८×२३ = १८४, बाकी २, C. २३×० + १५×२३ = ३४५, बाकी ७, H.

खात्री करायची तर दोन्ही मॅट्रिक्स एकमेकांशी गुण. कर्णावर १, १ आणि इतरत्र ० आले पाहिजेत. हे कागदावर दोन मिनिटांचं काम आहे, ते न करता अक्षरं उलगडत बसू नये.

पोरगं_जुळेसोलापूर
आलं सर! सहाच्या सहा अक्षरं. पण ३ तुम्हाला दिसला म्हणून. आकडा मोठा असला तर एकापासून पंचवीसपर्यंत गुणत बसायचं का?

अंकमास्तर
२६ पर्यंत बसलास तरी बिघडत नाही. पण रीत आहे. २६ मध्ये ९ दोनदा जातो, ८ उरतात. ९ मध्ये ८ एकदा, १ उरतो. आता मागे चाल: १ म्हणजे ९ वजा ८, आणि ८ म्हणजे २६ वजा दोन नव. मिळून १ = तीन नव वजा एक २६. तो ‘तीन’ हाच तुझा व्यस्त. ही रीत आपल्याकडे ‘कुट्टक’ म्हणून आर्यभटापासून आहे. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा, आणि भागाकार खरंच कुटत कुटत १ पर्यंत येतो. शब्दचर्चा आहे म्हणून हेही सांगतो, भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘व्यस्तत्रैराशिक’ आहे. मजूर वाढले की दिवस घटतात, ते गणित. म्हणजे ‘उलट्या दिशेने जाणारा’ हा व्यस्तचा अर्थ हिंदी बातम्यांच्या कितीतरी आधीचा.

कडकभाकरी
अर्धा अर्थ मान्य. मग प्रत्येक आकड्याला इथे व्यस्त असेलच की? फक्त ० सोडून. शाळेत तसंच शिकवलंय.

सातरस्ता_मावशी
नसतो हो! हे आमच्याच घरी झालं. मी तक्त्यावर किल्ली उतरवताना ३ चा ४ लिहिला. भाचीने त्या ४ वाल्या किल्लीने CH चं AE केलं. मग तिची आई सहज म्हणाली CU घालून बघ, तर त्याचंही AE! मला वाटलं पोरीची बेरीज चुकली, तीनदा करायला लावली.

अंकमास्तर
बेरीज बरोबर आहे, किल्ली मेली आहे. ३ चा ४ झाल्याने निश्चयक २० वजा ६, म्हणजे १४ झाला. १४ ला कशानेही गुणा, उत्तर सम. त्यातून २६ कितीही वेळा काढा, तरी समच. १ कधी उरणारच नाही, म्हणून १४ ला व्यस्त नाही. २६ म्हणजे २ गुणिले १३, तेव्हा निश्चयक सम असला किंवा १३ असला की संपलं. ० ते २५ मध्ये व्यस्त असलेले आकडे फक्त १२.

आणि व्यस्त नाही याचा अर्थ ‘उलगडायला अवघड’ असा नाही. त्या किल्लीत दुसऱ्या अक्षरात १३ चा फरक असलेल्या जोड्या एकाच जागी जाऊन पडतात. H म्हणजे ७, U म्हणजे २०. AE हातात आल्यावर मूळ CH होतं का CU, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. लावण्यात घोटाळा असा की बंद करताना काही कळत नाही, अक्षरं छान निघतात. तक्त्यावर निश्चयक आधी तपासा, संदेश नंतर.

पोरगं_जुळेसोलापूर
संगणकावर हे सरळ कळतंय, दशांश बिशांश भानगड नाही:

```
>>> pow(9, -1, 26)
3
>>> pow(14, -1, 26)
ValueError: base is not invertible for the given modulus
```

शब्दाचं म्हणाल तर माझा शब्द ‘बाकीव्यस्त’. बाकीच्या गावातला व्यस्त.

कडकभाकरी
‘बाकी व्यस्त’ म्हणजे बाकीचे सगळे बिझी आणि आपण रिकामे. आण्णांना पुन्हा विषय मिळेल.

मागवाला
‘उलट’ शब्दाला उगाच घालवताय. आमच्या चादरीची उलट बाजू बघा. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल, आणि सुलट बाजूवरून उलट कशी असणार हे विणणाऱ्याला आधीच माहीत. ‘उलट किल्ली’ लिहा. सारणी उलटी केली म्हणून पोरगं चुकलं, किल्ली कोण उलटी धरतंय?

अंकमास्तर
‘उलट किल्ली’ बोलताना मीही म्हणालो वर, लक्षात आलं. बोलायला चांगला आहे. पण १४ ला ‘उलट नाही’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, का नाही, ४१ आहे की. आकड्यासाठी ‘२६ वरचा व्यस्त’ आणि मॅट्रिक्ससाठी ‘व्यस्त किल्ली’ असं मी लिहीन. मॅट्रिक्सला सारणी म्हणू नये असंही माझं मत. शाळेत वारंवारता सारणी असते, पोरं तिच्यात ताळ्याच्या खुणा शोधतील. ‘आव्यूह’ शुद्ध आहे, पण दहावीनंतर शास्त्र शाखा इंग्रजीतच शिकतात, मग तो शब्द कोणाच्या तोंडी बसणार? मॅट्रिक्सच ठेवा.

सातरस्ता_मावशी
‘व्यस्त किल्ली’ आणि खाली कंसात ‘उलगडायची’. मागवाल्यांचा मान म्हणून तोंडी सांगताना उलट किल्ली. अजून एक, परीक्षक विचारतील की यावर बँकेचा ओटीपी पाठवता येईल का?

अंकमास्तर
नाही. नुसता गुणाकार आणि बेरीज आहे, थोडा मूळ मजकूर नि त्याचं रूप दोन्ही हाती लागलं की समीकरणं मांडून किल्ली निघते. तुमचंच घ्या. AD चं SJ झालं. A शून्य असल्याने दुसरा स्तंभ लगेच उघडा पडतो: D म्हणजे ३, त्याचा व्यस्त ९, तेव्हा १८×९ ची बाकी ६ आणि ९×९ ची ३.

पोरगं_जुळेसोलापूर
पहिला स्तंभ मी काढतो सर. CH वरून. ४२ वजा करून पहिल्या आकड्याची दुप्पट १० येते, म्हणजे तो ५. खालच्याची दुप्पट २, म्हणजे १. निघाली!

अंकमास्तर
घाई केलीस. दुप्पट १० ही १८ ची पण आहे, ३६ मधून २६ गेले. दुप्पट २ ही १४ ची पण. २ ला व्यस्त नाही ना, मग एका उत्तराची दोन होतात. १८ घेतला तर निश्चयक सम येतो, तो गेला. पण ५, ६, १४, ३ ही किल्ली धडधाकट आहे आणि तीही CHADAR चं AXSJYZ च करते. लावून बघ.

पोरगं_जुळेसोलापूर
लावली. करतेय. C, A, A तिन्ही सम आहेत म्हणून १ नि १४ मधला फरकच दिसत नाही. मावशी, भाचीला CHADAR बदलून SOLAPURI द्यायला सांगा, P विषम आहे.

सातरस्ता_मावशी
तक्ता स्केचपेनने लिहून झालाय रे. चादरच राहील.